मदत हवी आहे: पहिल्या कॅम्पिंगची रात्र फसली, आता आजी आणि दोन मुलांसह दुसऱ्यांदा जायचंय

सायली_न

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे चूक कुठे झाली ते तुम्हाला नेमकं सांगता येईल.

मागच्या थंडीत आम्ही चौघं (मी, नवरा, ९ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा) पहिल्यांदाच स्वतःचा तंबू घेऊन गेलो. नदीकाठी सुंदर सपाट गवत होतं, तिथेच तंबू लावला. तंबूवर 'चार जणांसाठी' लिहिलं होतं, आम्ही चार जण, म्हणून तोच घेतला. आत दोन मोठे एअर बेड. थंडी लागेल म्हणून सगळ्या चेन आणि वरच्या खिडक्या घट्ट बंद केल्या. पहाटे तीनला मुलगा कुडकुडत उठला. छत आतून ओलंचिंब, स्लीपिंग बॅगचे पाय भिजलेले, आणि पाठ तर अशी गार की खाली बर्फ ठेवलाय असं वाटावं. उरलेली रात्र गाडीत बसून काढली. मुलगी तेव्हापासून म्हणते, "चांदण्या बघायला येईन, झोपायला नाही."

आता दोन रात्रींचा बेत आहे. या वेळी सासूबाईही येतायत. वय ६६, गुडघे दुखतात, पण उघड्या आकाशाखाली एकदा झोपायचंच आहे असं त्यांनीच सांगितलंय. जागा तीच, पण आतमध्ये तीन पर्याय आहेत: नदीकाठचं गवत, त्याच्या वर साधारण १५ मीटर उंचीवरचं मोकळं पठार, आणि पठाराच्या कडेची मोठी झाडं. स्वच्छतागृह पठारापासून पाच मिनिटांवर.

तंबू बदलायचा का? जागा कोणती घ्यायची? मुलांना संध्याकाळनंतर गुंतवायचं कसं? आणि आजींची सोय?

सुहास_के

छत आतून ओलं म्हणजे तंबू गळतोय. जलरोधक स्प्रे मारा आणि शिवणींवर सीलर लावा. आमचाही पहिला तंबू असाच निघाला होता. आणि चेन बंद केल्यात ते बरोबरच, नाहीतर आणखी गारठला असता तुम्ही.

रानवाटा

सायलीताई, त्या रात्री पाऊस होता का?

सायली_न

नाही हो, थेंबही नाही. आभाळ इतकं स्वच्छ की मुलं चांदण्या मोजत होती.

रानवाटा

मग तंबू गळला नाही. शिवण गळते तेव्हा ओल एका रेषेत किंवा एका कोपऱ्यात दिसते, आणि ती पावसातच दिसते. तुमच्याकडे सगळ्या छतावर सारखे बारीक थेंब होते. ते तुमच्याच श्वासाचं पाणी. झोपेत प्रत्येक माणूस श्वासातून आणि त्वचेतून बरीच वाफ सोडतो. चौघांची मिळून रात्रभरात अर्धा-एक लिटर सहज होते. स्वच्छ आभाळाखाली तंबूचं कापड आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. वाफ त्या गार कापडाला लागली की तिचं पाणी होतं. तुम्ही सगळं बंद केलंत, त्यामुळे तिला बाहेर जायला वाटच राहिली नाही.

सुहासराव, सीलरचा सल्ला पावसाळी तंबूसाठी चांगलाच आहे, पण इथे त्याचा उपयोग नाही. चेन बंद ठेवणं तर उलट नडलं. वरच्या दोन्ही खिडक्या आणि समोरासमोरची दारं वरून वीतभर उघडी ठेवा. किंचित वारा जाणवेल, पण बॅग कोरडी राहील आणि कोरडी बॅगच ऊब धरते. तंबूवरचं बाहेरचं आवरण, म्हणजे फ्लाय, ताणून बांधा. ते ढिलं पडून आतल्या जाळीला टेकलं की ओल आत झिरपते. तुमच्या बॅगा पायाशी भिजल्या त्या लहान तंबूमुळे, पाय ओल्या कापडाला टेकत होते. 'चार जणांसाठी' म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपलेली चार माणसं, सामान वगळून. आता पाच जण आहात. एकच मोठा घेण्यापेक्षा हाच तंबू तिघांना ठेवा आणि आजी व नातीसाठी उभं राहता येईल असा दुसरा भाड्याने आणा.

जागेचं म्हणाल तर नदीकाठ दिवसाचा, पठार रात्रीचं. वारा पडलेल्या स्वच्छ रात्री गार हवा जड होऊन उताराने खाली वाहते आणि खोलगट जागेत साचून राहते. नदीजवळ हवाही दमट, म्हणून दव जास्त. शिवाय वरच्या अंगाला पाऊस झाला तर नदी रात्रीत चढू शकते. काठच्या झुडपांत अडकलेला काडीकचरा बघा. तो जितका उंच असेल तितकं पाणी कधीतरी आलेलं असतं.

मुक्ता_जोग

पण मुलांना पाणी हवंच असतं! आमच्या मुलांना नदीपासून लांब ठेवलं की संपूर्ण सहल फुकट. मी तर काठावरच राहीन.

रानवाटा

दिवसभर राहा की. फक्त झोपायला वर या. पंधरा मीटर चढायला दोन-तीन मिनिटं लागतात.

दुर्बिणवाला

माझा अनुभव जरा वेगळ्या बाजूचा आहे. मुलीला चांदण्या आवडतात ना? मग चंद्र बघून तारीख ठरवा. सगळे अमावास्या सुचवतात, पण चार वर्षांच्या मुलाला पूर्ण काळोखाची भीती वाटते असं मी पाहिलंय. शुक्ल अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी अर्धा चंद्र असतो. सामान लावायला उजेड मिळतो, आणि साध्या दुर्बिणीतूनही उजेड-काळोखाच्या सीमेवरचे खड्डे ठसठशीत दिसतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत अगदी सपाट वाटतो. तोटा एवढाच की फिकट तारे लपतात. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, पण तोवर मुलं झोपलेली असतात.

काळोखच हवा असेल तर पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी जा, चंद्र रात्री उशिरा उगवतो. टॉर्चला लाल कागद लावा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की ती मेहनत वाया जाते.

सायली_न

अष्टमीचं पटलं. पण गार पाठीचं कोणी सांगितलं नाही. आमचे एअर बेड तर चांगले जाड होते. आणि नवरा म्हणतोय या वेळी छोटा गॅस हीटर नेऊ, अर्धा तास तंबू गरम करून बंद करू.

वैशाली_आरोग्य

हीटर, शेगडी, निखारे यातलं काहीही तंबूत नको. अर्धा तासही नको, खिडकी उघडी असली तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. डोकं दुखलं, मळमळलं तर लोकांना थकवा वाटतो. विझत आलेले निखारेही हा वायू सोडतात, म्हणून 'आता विझलंय' म्हणून आत आणू नका.

त्याऐवजी घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरा, ती मोज्यात घाला आणि झोपण्याआधी दहा मिनिटं बॅगेत ठेवा. झाकण उलटं करून आधी तपासा. मुलाच्या त्वचेला थेट लागू देऊ नका. झोपताना दिवसाचे कपडे, आतलेसुद्धा, बदला. कोरडे वाटले तरी त्यांत घाम असतो. डोक्याला टोपी, पण तोंड बॅगेत खुपसून झोपू देऊ नका, श्वासाने बॅग ओली होते.

रानवाटा

गार पाठीचं कारण तो जाड एअर बेडच. आत मोकळी हवा असते. ती तुमच्या पाठीकडून उष्णता घेऊन खालच्या गार जमिनीला देत राहते. स्लीपिंग बॅगचा भरावही पाठीखाली दबून जातो, त्यामुळे तिथे बॅग जवळजवळ नसल्यासारखीच. एअर बेड टाकू नका. त्याच्या वर, म्हणजे अंग आणि बेड यांच्यामध्ये, फोमची मॅट आणि तिच्यावर घडी घातलेली जाड घोंगडी पसरा. मॅटवर अनेकदा आर-मूल्य, म्हणजे ती उष्णता किती अडवते तो आकडा, छापलेलं असतं आणि थर एकावर एक ठेवले की ते बेरजेत जातं. साधा एअर बेड जेमतेम १, फोमची मॅट साधारण २. तीनच्या पुढे गेलात की अशा थंडीत पाठ तक्रार करत नाही.

बॅगेवरचा तापमानाचा आकडाही बघा. त्यात 'कम्फर्ट', म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान, आणि 'लिमिट', म्हणजे जेमतेम निभावेल ते, असे दोन आकडे असतात. पिशवीवर अनेकदा 'लिमिट'च मोठा छापतात. तुम्ही 'कम्फर्ट' बघून घ्या. मुलगा मोठ्यांच्या बॅगेत झोपत असेल तर पायाकडची रिकामी बाजू दुमडून खाली घाला, नाहीतर ती पोकळी त्याला रात्रभर तापवावी लागते.

आजींना जमिनीवर झोपवू नका, गुडघ्यांना उठताना फार त्रास होतो. घडीची खाट घ्या. पण खाटेखालून हवा फिरते, म्हणून मॅट तिच्यावरही हवीच. पायांखाली लाकडाचे तुकडे ठेवा म्हणजे तंबूचा तळ फाटणार नाही. रात्री पाच मिनिटं चालणं त्यांना जड जाईल. झाकणाची बादली आणि आडोशाला छोटा उभा तंबू ठेवा. आजींशी आधी मोकळेपणाने बोला, म्हणजे संकोचाने त्या पाणी पिणं कमी करणार नाहीत.

मुक्ता_जोग

मला विचाराल तर आजींसाठी पक्की खोलीच घ्यावी. माझ्या आईला दुसऱ्या रात्री पाठ धरली होती.

सायली_न

त्यांना खोलीत झोपवलं तर येण्याचं कारणच उरत नाही हो. तरी बघते. आणि मुलांसाठी? फक्त 'निसर्ग बघा' म्हटलं की माझी मुलगी वैतागते.

रानवाटा

तिला काम द्या. दोन एकसारखे थर्मामीटर घ्या. आधी दोन्ही एकाच जागी ठेवून सारखा आकडा दाखवतात का ते तिलाच तपासू दे. मग सूर्य मावळल्यावर एक नदीकाठी, एक पठारावर, दोन्ही तिच्या छातीच्या उंचीवर टांगा. दर अर्ध्या तासाने वही घेऊन मोठ्या माणसासोबत वाचायला जा. चार वर्षांच्याला काळ्या कागदाचा तुकडा गवतावर ठेवायला सांगा, आणि दुसरा झाडाखाली. सकाळी दव कुठे जास्त ते तो बोटाने सांगेल. झाडाखालचा बहुतेक कोरडा असतो, कारण फांद्या आकाशाला झाकतात. म्हणून झाडाखाली तंबूही कोरडा राहतो, पण आधी वर बघा. वाळकी फांदी लटकत असेल तिथे नको.

दुर्बिणवाला

झाडाखाली गेलात तर तंबूतून आकाश दिसणार नाही, हे लक्षात असू द्या. मी पठारच निवडेन आणि ओल सहन करेन.

सायली_न

शनिवारी आम्ही नुसते संध्याकाळपुरते जाऊन आलो. मुलीने दोन्ही थर्मामीटर लावले. साडेसहाला दोन्हीकडे १९. साडेसातला नदीकाठी १४, वर १७. तिने वहीत दोनदा अधोरेखित केलं आणि वडिलांना म्हणाली, "तुम्ही आम्हाला थंडीच्या खड्ड्यात झोपवलं होतं." हीटर यादीतून गेला.

तंबू पठारावर, झाडांपासून दहा पावलं पुढे लावायचं ठरतंय. खाट मागवली आहे. सासूबाई तिच्यावर घरी दोन रात्री झोपून बघणार आहेत, त्यानंतरच खोलीचं ठरवू. दुसऱ्या रात्री वारा सुटला तर पठारावर दारं वीतभर उघडी ठेवायची की नाही, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

रानवाटा

वाऱ्याच्या बाजूचं दार बंद, आडोशाचं उघडं. वारा असला की दव कमीच पडतं. पण पठारावर वारा किती येतो ते मी पाहिलेलं नाही. लांब खुंट्या न्या आणि सगळे दोर बांधा.