मदत हवी आहे: भाचीला फोन देताना वेगळा युझर केला, तर माझे कॉल कळतील का?

संध्याकाळी डोंबिवली लोकलमध्ये पाच वर्षांच्या भाचीला कार्टूनसाठी माझा फोन लागतो. अँड्रॉइड आहे, सेटिंग्जमध्ये युझर्सचा पर्याय सापडला.

गेस्ट करून पाहिलं. माझे फोटो, बँकेचं अ‍ॅप काही दिसत नाही, ते झकास. पण मी डाउनलोड करून ठेवलेली कार्टूनंही तिथे दिसत नाहीत, आणि गेस्टचा डेटा पुसला की पुन्हा पहिल्यापासून. ट्रेनमध्ये रेंजचा भरवसा नाही, म्हणून ऑफलाइनच हवं. प्लॅटफॉर्मवर कुणी अनोळखी 'एक कॉल करू का' म्हणालं, तर मात्र गेस्टला कॉलची परवानगी चालू केली की तो पुरेल.

यूट्यूब पिन करून, अनपिन करताना पिन विचारायला लावूनही पाहिलं. बाहेर जाता येत नाही, पण ती माझ्याच अकाउंटवर बघते. मग माझ्या होमपेजवर नुसती बडबडगीतं!

आता तिच्यासाठी कायमचा वेगळा युझर करायचा विचार आहे, व्हिडिओ त्यातच डाउनलोड करीन. तिथे फोन कॉल आणि एसएमएसचा स्विच चालू केला तर माझी कॉल हिस्टरी, मेसेज त्या युझरलाही दिसतात. ओटीपी येतात, त्यामुळे तो बंदच ठेवायचाय. दुसरा फोन घ्यायचा नाहीये.

हा स्विच बंद असताना ऑफिसचा साधा कॉल आला तर रिंग वाजते का? आणि माझ्या प्रोफाइलमधल्या व्हॉट्सअ‍ॅप कॉलचं काय होतं?