विषय: पोर्टलने माझ्या तारखा खाल्ल्या (दोन कॉलमचा रेझ्युमे)

प्रेषक: वृषाली, कोथरूड

नमस्कार मंडळी,

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आले आहे, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. इथूनच तिकडच्या नोकऱ्यांना अर्ज करते आहे. परवा एका पोर्टलवर रेझ्युमेची वर्ड फाइल चढवली. पुढचा फॉर्म त्याने आपोआप भरला आणि मी बघतच राहिले. सध्याची नोकरी ऑगस्ट २०१४ ते मे २०१७! बाकीच्या दोन नोकऱ्या आहेत, पण तारखा कोऱ्या. फोन नंबरही गायब. कंटाळून तसाच 'पुढे' दाबला, ही माझी चूक. त्या कंपनीत एक जुनी सहकारी आहे, तिने बघून सांगितलं की माझा मॅच स्कोअर ४३ दिसतोय. जाहिरातीत एसक्यूएलचा पाच वर्षांचा अनुभव मागितलाय, माझा त्याहून कितीतरी जास्त आहे.

रेझ्युमे दिसायला सुबक आहे हो. डावीकडे तारखा, उजवीकडे कामं, वर नाव-पत्ता एका चौकटीत. कुठे बिनसलं?

प्रेषक: निखिल

वृषालीताई, टेबल म्हणजे विषच. पण मुख्य म्हणजे पीडीएफ कधीच देऊ नकोस, रेझ्युमेतली माहिती उचलून फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे पार्सरला, पीडीएफ वाचता येत नाही. कायम वर्ड द्यायचं. माझा दोन कॉलमचा रेझ्युमे वर्डमध्ये कुठेही अडकला नाही.

प्रेषक: सुधीरकाका

अगदी हाच अनुभव! पुतण्याचा बायोडेटा वधू-वर सूचीसाठी पाठवला होता, छापून आला तेव्हा गोत्राच्या जागी उंची. फोटो उजवीकडे लावला होता, त्याने झालं असेल का? वृषाली, तू फोटो लावलायस का?

प्रेषक: वृषाली

काका, फोटो नाही आणि हा बायोडेटाही नोकरीचा आहे :) निखिल, मी वर्डच दिलं होतं रे.

प्रेषक: श्रीकांत

वृषाली, फाइल पाठवलीस ते बरं केलंस. मी बरीच वर्षं कागदपत्रांतून मजकूर काढण्याच्याच कामात घालवली, त्यामुळे उघडून बघितल्याशिवाय राहवलं नाही.

तू टेबल केलंस, पण त्यात ओळ एकच. डाव्या खान्यात तिन्ही तारखा, मधे एंटर मारमारून उजवीकडच्या कामांशी जुळवलेल्या. डोळ्यांना ते तीन जोड्यांसारखं दिसतं. वर्डच्या फाइलमध्ये मात्र आधी पहिला खाना पूर्ण लिहिलेला असतो, मग दुसरा. त्यामुळे पार्सरच्या हाती असा मजकूर लागतो (कंपन्यांची नावं मी वगळली आहेत):

```
Apr 2021 - Present
Jun 2017 - Mar 2021
Aug 2014 - May 2017
Senior Data Analyst
SQL, Power BI
Data Analyst
SQL, Excel
Junior Analyst
Excel, VBA
```

आता पार्सरच्या जागी बसून बघ. पद दिसलं की तो जवळची तारीख शोधतो. 'सीनिअर डेटा अ‍ॅनालिस्ट'च्या लगेच वर तुझ्या सगळ्यात जुन्या नोकरीची तारीख आहे, ती त्याने चिकटवली. वरच्या दोन तारखांना मालक उरला नाही, खालच्या दोन पदांना तारीख उरली नाही.

स्कोअरचं गणित इथून बिघडतं. बरेच पार्सर एखादं कौशल्य ज्या नोकरीखाली लिहिलंय, त्या नोकरीचे महिने त्या कौशल्याच्या खात्यावर टाकतात. ऑगस्ट २०१४ ते मे २०१७ म्हणजे ३४ महिने. दुसऱ्या नोकरीतही एसक्यूएल आहे, पण तिला तारीख नाही म्हणून तिथून शून्य. थोडक्यात, तुझा एसक्यूएलचा अनुभव तीन वर्षांनाही कमी, आणि शेवटचा वापर २०१७ मध्ये! शब्द सापडला, पण पाच वर्षांची अट हुकली, शिवाय कौशल्य गंजलेलं ठरलं. शब्द आहे की नाही एवढंच मोजणाऱ्या प्रणालीत मात्र तुझं फारसं नुकसान झालं नसतं.

फोन नंबर टेक्स्ट बॉक्समध्ये आहे. बॉक्समधला मजकूर मुख्य परिच्छेदांच्या रांगेत नसतो, वेगळ्या कप्प्यात असतो. काही पार्सर त्या कप्प्यात डोकावतच नाहीत. काही डोकावतात आणि तोच मजकूर दोनदा उचलतात, कारण जुन्या वर्डसाठी वर्ड त्याची दुसरी प्रत ठेवतो. तुझ्या फाइलवर हे चालवलं तर एका चौकटीसाठी उत्तर २ येतं:

```
unzip -p resume.docx word/document.xml | grep -o '<w:txbxContent' | wc -l
```

निखिल, तुझं अर्धं बरोबर आहे. तू बहुधा वर्डचे खरे कॉलम वापरलेस, लेआउटमधून केलेले. त्यात मजकूर आतून सलगच असतो, म्हणून वर्डमध्ये निभावतं. त्याचीच पीडीएफ केलीस तर चित्र बदलू शकतं. पीडीएफमध्ये साधारणपणे अक्षरं आणि त्यांच्या जागाच नोंदलेल्या असतात, वाचायचा क्रम वाचणाऱ्याने ताडायचा. आडवं वाचत जाणारा पार्सर डावीकडचं कौशल्य आणि उजवीकडची कंपनी एकाच ओळीत घालतो. गंमत अशी की वृषालीच्या बाबतीत नेमकं उलटं झालं असतं. तिची पीडीएफ आडवी वाचली तर प्रत्येक तारीख आपल्या पदाशेजारी येते! म्हणून 'कायम वर्ड' हा नियम होत नाही.

पीडीएफ तपासायची तर दोन्ही प्रकारे मजकूर काढून बघा:

```
pdftotext -layout resume.pdf -
pdftotext -raw resume.pdf -
```

पहिल्यात पानावरची मांडणी टिकते, दुसऱ्यात फाइलमध्ये ज्या क्रमाने साठवलंय तो क्रम दिसतो. दोन्हींत तारखा आपापल्या पदाजवळ राहिल्या तर निम्मी काळजी मिटली. कंपनीचा पार्सर याहून वेगळा वागू शकतो, त्यामुळे आपोआप भरलेला फॉर्म बारकाईने वाचणं टळत नाही.

प्रेषक: मंजिरी, बाणेर

मी भरतीच्या बाजूला काम करते. आमच्याकडे स्कोअर कमी म्हणून कोणाला परस्पर नकार जात नाही. पण यादी स्कोअरप्रमाणे लावलेली असते आणि अर्ज चारशे असले की खालचे उघडले जात नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. परस्पर नकार जातो तो फॉर्ममधल्या थेट प्रश्नांवर, उदाहरणार्थ वर्क परमिट. दुसऱ्या कंपन्यांत हे वेगळंही असेल. आणि वृषाली, अर्ज उघडणाऱ्याला बहुतेक वेळा तुझी मूळ फाइलही दिसते, त्यामुळे ती अगदीच रुक्ष करू नकोस.

प्रेषक: वृषाली

काल रात्री बाबा झोपल्यावर बसले. टेबल काढलं, प्रत्येक पदाच्या ओळीतच टॅब देऊन तारीख लिहिली, चौकटीतला फोन नंबर साध्या ओळीत आणला. त्याच कंपनीत दुसऱ्या जागेसाठी अर्ज केला. फॉर्म जवळजवळ बरोबर भरला गेला, स्कोअर ६८. पण त्याच वेळी मी सुरुवातीला दोन ओळींचा सारांशही घातला होता, आणि जागाही वेगळी.

प्रेषक: श्रीकांत

मग २५ गुणांपैकी तारखांचे किती, सारांशाचे किती आणि बदललेल्या जागेचे किती, ते कळायचा मार्ग नाही. एका वेळी एकच बदल करायला हवा होतास. 'जवळजवळ' म्हणजे काय राहिलं?

प्रेषक: वृषाली

पहिल्या कंपनीचं नाव 'पुणे' आलंय. शहर आणि कंपनी मी एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिलं होतं, शहर आधी. कंपनी आधी लिहिली तर सुधारेल का?

प्रेषक: सुधीरकाका

पुतण्याच्या बायोडेटातही टेबलच होतं, आत्ता बघितलं. श्रीकांत, ती फाइल तुला पाठवू का?