मदत हवी आहे: हातात 54 हजार, पहिली गाडी किती रुपयांपर्यंतची घ्यावी?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत नोकरी करतो. पगारपत्रकावर 62 हजार दिसतात, पण पीएफ वगैरे कापून खात्यात 54 हजार येतात. घरभाडं 9, किराणा-वीज-गॅस-दवाखाना धरून घरखर्च 17, गावी आई-वडिलांना 6, मुलीची शाळा आणि व्हॅन 4, विम्याचा हप्ता 2. म्हणजे 38 हजार जातात आणि 16 हजार उरतात. बँकेत साडेतीन लाख आहेत.

गाव चोपडा तालुक्यात. महिन्यातून दोनदा जाणं होतंच. लहान मुलीला घेऊन मे महिन्यात एसटीची वाट बघत उभं राहणं आता नको वाटतं. एरवी ऑफिसला बाईकच नेणार.

शोरूममध्ये एक गाडी आवडली. ऑन रोड 9 लाख 20 हजार. 2 लाख भरा, 7 लाख 20 हजारांचं कर्ज 7 वर्षांसाठी, हप्ता 11,800, असं सांगितलं. 16 हजारांतून हप्ता गेला तरी 4 हजार उरतात. जमेल ना? की कुठे चुकतोय?

आबा_चोपडा

राम राम. गाडी लेवानं सोपं शे, पोसानं कठीन शे. पण तुमचं गाव आमच्याकडचंच, म्हणून सांगतो. वडिलांची केळी असेल तर एका हंगामात निम्मी गाडी निघते. भाव चांगला सापडला की कर्जाची गरजच नाही. आमच्या पुतण्याने तसंच केलं.

गिरणाकाठ

आबा, केळी आहे दीड एकर. पण मागच्या वर्षी वादळात निम्मा बाग आडवा झाला. त्या पैशावर हप्ता बांधायची माझी हिंमत होत नाही.

भुसावळकर

मी रोज भुसावळ-जळगाव जातो-येतो, 50 किलोमीटर. डोळे झाकून सीएनजी घ्या भाऊ. माझा पेट्रोलचा खर्च निम्म्यावर आला. डिकी भरते सिलिंडरने, तेवढं सोसायचं.

निम्मं_उत्पन्न

साधा नियम आहे: गाडीची किंमत वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्मी. 62 गुणिले 12 म्हणजे 7 लाख 44 हजार. निम्मे 3 लाख 72 हजार. तेवढीच घ्या, विषय संपला.

पांझरा

मी धुळ्याला वाहनकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. निम्म्याचा नियम वाईट नाही दादा, पण तुम्ही 62 हजार धरले. जो पैसा खात्यात येतच नाही, तो हिशेबात धरू नये. शिवाय वर्षाला 4 हजार किलोमीटर फिरणारा आणि 18 हजार फिरणारा, दोघांना हा नियम एकच आकडा देतो.

गिरणाकाठ भाऊ, तुम्ही आधी हप्ता काढला आणि उरलेल्यात गाडी चालवायचं ठरवलं. हे उलटं करा. आधी गाडी चालवायचा खर्च काढा, उरेल तो हप्ता, आणि हप्त्यावरून किंमत. महिन्याला किती किलोमीटर होतील ते सांगा.

गिरणाकाठ

ताई, गाव 60 किलोमीटर. दोन फेऱ्या म्हणजे 240. रविवारी जळगावात फिरणं, बाजार, दवाखाना मिळून 160. कधी धुळे, कधी सासर, सरासरी 200. एकूण 600.

पांझरा

छान, आता मांडू. कंपनी 20-22 चं मायलेज सांगेल. जळगावच्या उन्हात एसी बंद ठेवून कोणी गाडी चालवत नाही, म्हणून 15 धरा. 40 लिटर, 105 च्या भावाने 4,200. विमा पहिल्या वर्षी ऑन रोड किमतीत असतो म्हणून लोक तो विसरतात. पुढच्या वर्षांचे 18 हजार धरले तर महिन्याला 1,500. सर्व्हिसिंग वर्षाला 8 हजारांच्या आसपास, म्हणजे 700. टायर आणि बॅटरी रोज खर्च होत नाहीत, पण पाच वर्षांनी एकदम 20-22 हजार मागतात. आपल्याकडे बॅटरी उन्हाने लवकर जाते. त्यासाठी 400 बाजूला काढा. टोल, धुलाई, पार्किंग 500. बेरीज 7,300.

आता शोरूमचा हिशेब पुन्हा बघा. हप्ता 11,800 आणि हे 7,300, एकूण 19,100. तुमच्याकडे 16 हजार. एसटी आणि भाड्याच्या गाडीचे किती वाचतील?

गिरणाकाठ

दीड हजार असतील.

पांझरा

म्हणजे साडेसतरा हजार. तरी दर महिन्याला 1,600 कमी पडतात, तेही एक रुपया शिल्लक न टाकता. पहिल्या वर्षी हे दिसत नाही, कारण विमा भरलेला आणि टायर नवे असतात. दुसऱ्या वर्षी विम्याची नोटीस आली की क्रेडिट कार्ड बाहेर निघतं. माझ्याकडे आलेल्या अडचणीतल्या बहुतेक लोकांना हप्ता परवडत होता. त्यांना गाडी परवडत नव्हती.

सात वर्षांचा हप्ता लहान दिसतो, पण साडेनऊ टक्क्यांनी 7 लाख 20 हजारांवर 2 लाख 68 हजार व्याज जातं. पाच वर्षांत फेडलं तर 1 लाख 87 हजार, मात्र हप्ता 15 हजारांवर.

तुमचा खरा आकडा असा येतो. 16 पैकी 4 हजार दर महिन्याला शिल्लक टाकायचेच. राहिले 12, त्यात वाचलेले दीड, म्हणजे 13,500. चालवायचा खर्च 7,300 वजा केला की हप्त्याला 6,200 उरतात. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी लाखाला साधारण 2,100 हप्ता बसतो, म्हणून कर्ज 2 लाख 95 हजार. साडेतीन लाखांपैकी दीड लाख दवाखान्यासाठी ठेवा, 2 लाख भरा. ऑन रोड 5 लाखांच्या आत. एक्स शोरूमचा आकडा बघून फसू नका. महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर वैयक्तिक नोंदणीला 11 टक्के रोड टॅक्स लागतो, त्यावर विमा वेगळा.

भुसावळकर

आणि सीएनजीचं काय? त्यात चालवायचा खर्च कमी येतो ना.

पांझरा

तुमच्या रोजच्या 50 किलोमीटरला फायदाच आहे. यांच्या 600 ला महिन्याला साधारण 2 हजार वाचतील. पण सीएनजीसाठी 90 हजार जास्त मोजले तर तेवढ्याच कर्जाचा हप्ता 1,900 होतो. म्हणजे पाच वर्षं हात रिकामाच. त्यानंतर फायदा सुरू, तोही गाडी तेवढी ठेवली तर. गावी जाताना डिकीत सामान असतं, तेही बघा.

निम्मं_उत्पन्न

22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. 5 लाखांत नवी बसू शकेल. 5 लाखांत म्हटल्यावर जुनी गाडीच बघावी लागेल असं नाही.

पांझरा

अगदी सुरुवातीचं मॉडेल बसेल कदाचित, कोटेशन हातात घेऊन बघा. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर सहसा जास्त असतो आणि दुरुस्ती वाढते, तेव्हा तिथे 700 ऐवजी 1,500 धरा. मी कोणाच्या बाजूने नाही. आकडा 5 लाखांचा राहिला म्हणजे झालं.

गिरणाकाठ

ताई, बायकोचं म्हणणं आहे की मुलगी बसणार, तर सहा एअरबॅग हव्यातच. तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. तेवढ्यात बसेल अशी नवी गाडी मिळते का ते या आठवड्यात शोधतो.

तोपर्यंत एक ठरवलंय. पुढचे चार महिने गाडी घेतलीच आहे असं समजून 13,500 वेगळ्या खात्यात टाकायचे. त्यातून गावी जायचा खर्च आणि भाड्याची गाडी भागवायची, उरेल ते तिथेच ठेवायचं. एखाद्या महिन्यात हात आखडला तर इथेच सांगेन.

जुनी गाडी घ्यायची वेळ आली तर जळगाव किंवा भुसावळला विकत घेण्याआधी गाडी तपासून देणारा भरवशाचा मेकॅनिक कुणाला माहीत आहे का?