मदत हवी आहे: उलटसुलट सारखे शब्द आणि काना-मात्रा

मुलांच्या शब्दखेळासाठी मराठी आणि इंग्रजीतल्या विलोमपदांची यादी करते आहे. इंग्रजीचं सोपं आहे. मॅडम, लेव्हल, कयाक हे शब्द रोमन लिपीत अक्षरं उलटवून तपासले की झालं. मराठीत कनक, नयन, सरस, जलज यांनाही अडचण नाही, कारण त्यांत काना-मात्रा नाही.

घोळ होतो तो 'नवीन'पाशी. न-वी-न असं वाचलं तर शब्द दोन्हीकडून सारखाच. पण संगणक वेलांटी वेगळी मोजतो, आणि उलटवल्यावर 'नीवन' देतो. 'समास'चं तसंच 'सामस' होतं. म्हणून आता स्वरचिन्ह व्यंजनासोबत ठेवून तपासते:

```python
import regex
a = regex.findall(r'\X', 'नवीन')
print(a == a[::-1])
```

उत्तर `True` येतं. 'मलयालम'ही यात बसतो, आणि तो रोमन `Malayalam` मध्येही विलोमपदच आहे! उलट 'मॅडम' मात्र मराठीत बाद, कारण पहिला मॅ आणि शेवटचा म.

'ती होडी जाडी होती' आणि 'रामाला भाला मारा' ही वाक्यं जागा काढून टाकल्यावर बरोबर ठरतात. 'चिमा काय कामाची' मात्र अडतं: सुरुवातीला ऱ्हस्व चि, शेवटी दीर्घ ची. कानाला फरक जवळजवळ कळत नाही, पण लेखनात आहे.

माझ्या मते ते वेगळ्या यादीत जावं. जाणकारांनो, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ सारखं धराल का? आणि मधोमध जोडाक्षर असलेला एखादा मराठी विलोमशब्द सुचतो का?