मदत हवी आहे: नळांना मीटर नाहीत, तरी पाण्याची तूट १८ टक्के कशी निघाली?

वहीखाते: एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याची कामगिरी तपासणी माझ्याकडे आली आहे. महसूल न देणारं पाणी २० टक्क्यांच्या आत हवं असं सेवा मानक आहे, यांनी १८ दाखवलंय. पण घरगुती नळांना मीटर नाहीत, वर्षाची ठोक पट्टी आहे. मग विकलेलं पाणी मोजलं कशानं? रोजचं उत्पादन १ कोटी लिटर, जोडण्या १२,१५०. तक्रारींपैकी ९६ टक्के २४ तासांत निकाली, मानक ८० टक्के. आक्षेप लिहायला पुरावा काय घेऊ?

गल्लीतला_नळ: आमच्याकडे तर दिवसाआड पाणी येतं. तक्रार कुठे करायची?

सिंधू_अ: सोपं आहे, टाकीतून सुटणाऱ्या पाण्यातून बिलातलं वजा करा, उरलं ते गळती.

झडपवाला: सिंधूताई, त्यात चोरीचं आणि बिल न लावलेलं पाणीही येतं, सगळी गळती नव्हे. शिवाय उत्पादन शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडतानाच मोजायचं. टाकीपाशी मोजलं तर मधल्या मुख्य वाहिनीची गळती लपते.

वहीखाते, १२,१५० ला ५ माणसं आणि १३५ लिटरनं गुणा. ८२ लाख येतात ना? म्हणजे १८ टक्के. माणशी १३५ लिटर हेही मानकच, तेच खप म्हणून धरलंय. जोडण्या वाढल्या की तूट आपोआप घटते! उत्पादनही बहुधा पंपाच्या पाटीवरचा आकडा गुणिले तास असेल. केंद्रातल्या साठवण टाकीत, म्हणजे संपात, येणारं पाणी बंद करा, पंप चालू ठेवून पातळी किती उतरते ते पट्टीनं मोजा.

वहीखाते: आज करून आलो. संप २० मीटर बाय १० मीटर. अर्ध्या तासात १ मीटर उतरला, म्हणजे तासाला ४०० घनमीटर. वहीत ५०० लिहितात. २० तासांचे ८० लाख लिटर. उत्पादनापेक्षा विक्रीच जास्त!

सिंधू_अ: मग तूट उणे? 😀

झडपवाला: आधी पंप बंद ठेवून पातळी बघा. आतली झडप नीट बसत नसेल तर पाणी शिरत राहतं आणि पंप आहे त्यापेक्षा कमजोर दिसतो.

तक्रारींसाठी नोंदवही सोडा, भांडारातली साहित्य वाटपाची वही काढा. वाहिनी दुरुस्तीचे क्लॅम्प आणि कॉलर कुठल्या तारखेला दिले ते बघा, आणि ती तारीख तक्रारीच्या तारखेशी ताडा. बऱ्याच ठिकाणी काम झाल्यावरच तक्रार लिहितात, एकाच शाईत, आलेली आणि मिटलेली तारीख एकच.

पट्टीवसुली: जोडण्यांनाही हात लावा. आमच्याकडे तोडलेले नळ यादीत तसेच होते. उलट एका वाड्यात एक नळ आणि चार बिऱ्हाडं.

वहीखाते: झडप उद्या बघतो. पण खप कसा ठरवू? काही घरांना तात्पुरते मीटर लावायचे तर किती, आणि उंचावरच्या भागातली घरं वेगळी धरायची का?