मदत हवी आहे: वय 38, डबल मार्करमध्ये 1:142 'हाय रिस्क' आलं. पोटातलं पाणी तपासावं की एनआयपीटी?

वर्षा_आर्वी · 9 डिसेंबर 2025, रात्री 9:40

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. मोठी मुलगी नववीत आहे, तिच्यानंतर पंधरा वर्षांनी दिवस राहिले. शेवटची पाळी 4 सप्टेंबरची, म्हणजे आज तेरा आठवडे पाच दिवस झाले. 28 नोव्हेंबरला वर्ध्याला एनटी स्कॅन केला आणि त्याच दिवशी डबल मार्करचं रक्त दिलं. स्कॅनमध्ये एनटी, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी, 1.6 मिलिमीटर, नाकाचं हाड दिसलं, डॉक्टर म्हणाले सगळं चांगलं आहे. पण रक्ताचा रिपोर्ट आला त्यावर लाल अक्षरात 'ट्रायसोमी 21 – हाय रिस्क 1:142' लिहून आहे.

आज नऊ तारीख, म्हणून आशाताईंसोबत सरकारी तपासणीला गेली होती. मॅडमच्या दारात साठ-सत्तर बाया. त्यांनी रिपोर्ट पाहिला, 'नागपूरला जा, एकतर एनआयपीटी करा नाहीतर अँम्नियो' म्हणाल्या आणि पुढचीला आवाज दिला. एनआयपीटीचे आम्हाला चौदा हजार सांगितले. कापूस अजून घरातच पडला आहे, चांगला भाव येण्याची वाट पाहणं सुरू आहे. अँम्नियोत पोटात सुई घालतात म्हणून सासूबाईंनी रडणं लावलं. हे म्हणतात, तू ठरव.

माझं विचारणं एवढंच की 1:142 म्हणजे बाळाला आजार आहे असं धरायचं का? दोन्हीतली कोणती तपासणी करू? आणि बाळंतपण आर्वीला होईल की सीझरच ठरलेलं आहे?

---

मंगलाताई_अमरावती · 10:15

वर्षा, मी एकतीस वर्षं परिचारिका होती, आता रिटायर आहे. घाबरू नको बाई. पण पस्तिशीनंतर अँम्नियो करावंच लागते, कायद्यातच पस्तीस वर्षं लिहून आहे. आमच्या वॉर्डात वय पाहूनच नागपूरला पाठवत होते. त्यामुळे चौदा हजार घालवू नको, सरळ पाणी तपास. आणि बाळंतपणाचं म्हणशील तर या वयात कंबरेची हाडं कडक होतात. सीझरची तयारी ठेव.

---

प्रफुल्ल_गडचिरोली · 10:32

ताई, आमच्या घरी हाच प्रश्न होता. बायको आणि मी दोघंही सिकलसेलचे वाहक, एएस. पहिलं लेकरू एसएस निघालं, दर थंडीत त्याला भरती करतो. तुम्ही एनआयपीटीच करा, त्यात सिकलसेल पण कळून जाते. मीही पुढच्या वेळी तेच करणार आहे.

---

नीलिमा_नागपूर · 10 डिसेंबर, सकाळी 6:50

वर्षाताई, मी नागपूरला गर्भातल्या बाळांच्या तपासणीच्या विभागात समुपदेशनाचं काम करते. तुम्ही विचारलं त्याच क्रमाने सांगते.

1:142 म्हणजे तुमच्यासारखाच रिपोर्ट असलेल्या 142 बाया एका मांडवात बसवल्या तर त्यातल्या एकीच्या बाळाला ट्रायसोमी 21, म्हणजे डाऊन सिंड्रोम असेल, 141 जणींच्या बाळांना नसेल. हा रिपोर्ट बाळाला आजार आहे असं सांगत नाही. पुढची तपासणी कोणाला द्यायची, एवढंच त्यावरून ठरवतात. बहुतेक लॅब 1:250 ही रेघ धरतात. आकडा त्याहून जवळचा आला की लाल अक्षर छापतात.

मंगलाताई, कायद्यात पस्तीस वर्षं आहे हे बरोबर. पण तो पीसीपीएनडीटी कायदा आहे आणि त्यात पस्तिशीपुढच्या बाईची अशी तपासणी *करता येते* एवढंच म्हटलं आहे. करावीच लागते असं त्यात नाही. पूर्वी नुसत्या वयावरून पाठवत कारण हाताशी दुसरं काही नव्हतं.

प्रफुल्लभाऊ, नेहमीच्या एनआयपीटीत सिकलसेल कळत नाही. ती गुणसूत्रं कमी-जास्त आहेत का ते पाहते आणि सिकलसेल हा एका जनुकातला बदल. तुम्हा दोघांना पुढच्या वेळी अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा तुकडा किंवा सोळाव्यानंतर पाणी तपासून, सिकलसेलचं नाव सांगून वेगळी चाचणी करावी लागेल. दिवस राहिल्या राहिल्या या, उशीर करू नका. वर्षाताई, तुमची सिकलसेलची तपासणी झाली आहे ना? आपल्या भागात ती विचारावीच लागते.

आता मला एक सांगा. रिपोर्टच्या वरच्या भागात जन्मतारीख, वजन आणि 'एज अ‍ॅट ईडीडी', म्हणजे बाळंतपणाच्या तारखेचं वय, असं असतं. तिथे काय छापलं आहे ते जसंच्या तसं लिहा.

---

वर्षा_आर्वी · 10 डिसेंबर, दुपारी 1:05

वावरातून आता आली. सिकलसेलची झाली आहे, मला नाही.

रिपोर्ट काढून पाहिला. जन्मतारीख 01-01-1985. वजन 58, ते बरोबर आहे. वयाच्या जागी 41.4 आहे. मॅडम, मी तर 38 ची आहे! लॅबवाल्या पोराने आधार कार्ड मागितलं होतं. आमच्या गावात आधारचं शिबिर झालं तेव्हा ज्यांच्याजवळ दाखला नव्हता त्या सगळ्यांना एक जानेवारी लावून दिली, साल अंदाजाने. माझ्या जावेची पण तारीख एक जानेवारीच आहे. माझी आई म्हणते की मी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाली, अंगणात पोरांचे लाकडी नंदी आले होते तेव्हा. शाळेच्या दाखल्यावर 25-08-1987 आहे. तोच खरा.

---

नीलिमा_नागपूर · 10 डिसेंबर, दुपारी 2:20

हेच पाहायचं होतं. आपल्या खेड्यांतून येणाऱ्या रिपोर्टमध्ये 01-01 दिसलं की मी आधी हेच विचारते.

हा आकडा कसा बनतो ते सांगते. संगणक आधी फक्त वय घेतो. मग एनटीचं माप आणि रक्तातले दोन घटक पाहून वयाचा आकडा वर-खाली करतो. तुमचं बाळंतपण 11 जून 2026 च्या आसपास आहे. त्या दिवशी 41 पूर्ण असलेल्या बाईचा नुसत्या वयाचा धोका साधारण ऐंशीत एक धरतात. तुम्ही त्या दिवशी खऱ्या वयाने 39 ला अडीच महिने कमी असाल, तेव्हा तो साधारण दीडशेत एक. म्हणजे सुरुवातच जवळपास निम्म्याने कमी होते. तेव्हा 1:142 चं ढोबळमानाने 1:270 च्या जवळपास काहीतरी व्हावं. हा माझा कच्चा हिशोब आहे, तो धरून बसू नका. लॅबला शाळेचा दाखला पाठवा आणि रिपोर्ट पुन्हा काढून मागा. रक्त पुन्हा द्यावं लागत नाही, त्याच आकड्यांत तारीख बदलून मिळते.

पण हेही ऐका. 1:270 आलं म्हणून सगळं ठीक आणि 1:240 आलं म्हणून वाईट, असं नसतं. ती रेघ माणसांनी ओढलेली आहे. नवा आकडा रेघेच्या पलीकडे गेला तरी तुम्ही मधल्या गटातच राहाल आणि त्या गटाला आम्ही एनआयपीटी सुचवतो.

दोन तपासण्यांतला फरक असा. एनआयपीटीत तुमच्या हातातलं रक्त घेतात, बाळाला धोका काहीच नाही, आणि डाऊन सिंड्रोमची शंभरातली नव्याण्णव बाळं त्यात सापडतात. पण ती वाईट आली तरी तो शेवटचा शब्द नसतो, पाणी तपासावंच लागतं. पाणी तपासणीत उत्तर पक्कं मिळतं. सोनोग्राफीत पाहत पाहत बारीक सुई घालतात. त्यातून गर्भ जाण्याचा धोका अनुभवी हातात दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी. सासूबाईंना हा आकडा सांगा.

तुमचा एनटी चांगला आहे, म्हणून मी तुमच्या जागी आधी एनआयपीटी करीन. वेळेचा हिशोब असा बसतो: आता रक्त दिलं तर डिसेंबर संपायच्या आत रिपोर्ट येईल. 25 डिसेंबरला सोळा आठवडे पूर्ण होतात. गरज पडली तर त्यानंतर पाणी काढता येईल. मुख्य गुणसूत्रांचं उत्तर तीन-चार दिवसांत, पूर्ण रिपोर्ट दोन-तीन आठवड्यांत. वीस आठवडे 22 जानेवारीला होतात. बाळात मोठा दोष निघाला तर गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या बदलानंतर चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. काय करायचं तो तुमचा निर्णय. मी फक्त तुमच्या हातात दिवस किती आहेत ते सांगते आहे.

---

संगीता_दारव्हा · 10 डिसेंबर, दुपारी 4:45

माझ्या चुलत जावेची एनआयपीटी चांगली आली होती आणि पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाला छिद्र निघालं. मग हे चौदा हजार कशाचे घेतात?

---

नीलिमा_नागपूर · 10 डिसेंबर, दुपारी 5:30

संगीताताई, राग समजू शकते. एनआयपीटी गुणसूत्रं मोजते, हृदय-मणका-किडनी ती पाहू शकत नाही. त्यासाठी अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी वेगळी करावीच लागते. रक्त देताना हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

वर्षाताई, बाळंतपणाचं राहिलंच. नुसत्या वयाला सीझर लागत नाही. तुमचं पहिलं बाळंतपण साधं झालं असेल तर ती मोठी जमेची बाजू आहे. पण जागा निवडताना मी कंबरेच्या हाडांचा विचार करणार नाही, रक्ताचा करीन. वय वाढलं की वार पडल्यावर गर्भाशय लवकर आवळत नाही आणि अंगावरून जास्त जाण्याची शक्यता वाढते. म्हणून जिथे रक्ताची पिशवी आणि भूलतज्ज्ञ रात्रीही मिळतात तिथेच जा. उपजिल्हा रुग्णालयात सातव्या महिन्यातच हे दोन प्रश्न विचारून घ्या. 'असते' एवढ्यावर परत येऊ नका, 'रात्री दोन वाजता कोण येते' हे विचारा. नाही म्हणाले तर सेवाग्राम.

आणि तारीख उलटू देऊ नका. पस्तिशीपुढे, चाळिशीत तर जास्तच, शेवटच्या आठवड्यांत पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढतो. एकोणचाळीस-चाळीस आठवड्यांच्या मध्ये कळा आणायच्या का, हे मे महिन्यात डॉक्टरांशी बोला.

एक घाईची गोष्ट: वय आणि पंधरा वर्षांचं अंतर, दोन्हींमुळे बीपी वाढण्याची शक्यता जास्त. अशांना रात्री घ्यायची कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिन देतात, ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू केली तरच नीट उपयोगी पडते. मॅडमना 25 तारखेच्या आधी विचारा. स्वतःहून घेऊ नका.

---

मंगलाताई_अमरावती · 10 डिसेंबर, रात्री 8:10

कायद्याचं माझं चुकलं, मान्य. पण पाहिलेलं सांगते, पंधरा वर्षांनी येणाऱ्या बाईचं बाळंतपण कधीकधी पहिलटकरणीसारखं लांबतं. मी तरी वर्षाला सेवाग्रामलाच पाठवीन, आर्वीला नाही.

---

वर्षा_आर्वी · 16 डिसेंबर, सायंकाळी 7:20

दाखला लॅबला पाठवला. आधी म्हणाले आधारवर जे आहे तेच लावू. डॉक्टरांनी फोन केला तेव्हा बदललं. नवा रिपोर्ट 1:268, लाल अक्षर गेलं. अ‍ॅस्पिरिन कालपासून सुरू केली, मॅडमनी 150 लिहून दिली.

एनआयपीटीचं ह्यांनी आणि मी रात्रभर बोललो. सहा क्विंटल कापूस विकून टाकला, काल नागपूरला जाऊन रक्त दिलं. रिपोर्ट यायला दहा दिवस सांगितले. सासूबाई सोबत आल्या होत्या, तिथल्या ताईंनी सुईचा दोनशेचा आकडा त्यांनाही समजावला. तरी म्हणतात, वाईट आलं तर पाणी काढू देणार नाही. तेव्हाचं तेव्हा पाहू.

आर्वीला विचारलं. रक्त साठवणीचं फ्रीज आहे, भूलतज्ज्ञ आठवड्यातून ठराविक दिवशी. सेवाग्राम आमच्या गावाहून दोन तास. जूनमध्ये पाऊस लागला तर आमचा नाला भरते, तेव्हा आठ दिवस आधी वर्ध्याला भावाकडे जाऊन राहावं का, हे कोणी केलं असेल तर सांगा.