'वालेकुम अस्सलाम' म्हटलं तर बिघडतं काय, आणि नाही म्हटलं तर?

विजापूर_वेस: दुकानात गिऱ्हाईक 'अस्सलामु अलैकुम' म्हणत येतं, आणि आपली पोरं लगेच 'वालेकुम अस्सलाम' म्हणून मोकळी. नमस्कार म्हटलं तर गिऱ्हाईक परत जातंय काय? ज्यानं त्यानं आपल्या धर्मात बोलावं. एवढं गोड व्हायची गरज काय, मला कळालं नाही.

साखरपेठ: नमस्कार म्हटल्यानं कुणी परत जात नाही, ते खरं. पण 'वालेकुम अस्सलाम'मध्ये धर्म कुठं दिसला तुम्हाला? 'तुमच्यावरही शांती असो', एवढाच अर्थ. देवाचं नाव येतं ते लांबलचक रूपात, 'व रहमतुल्लाही व बरकातुहू' जोडल्यावर. ते काउंटरवर कुणी अपेक्षित धरत नाही. हिंदू माणसानं पूर्ण म्हटलं तर समोरचा उलट चपापतो, थट्टा चाललीय की काय म्हणून. छोटं रूप पुरे. 'व अलैकुम अस्सलाम', सलग, न अडखळता.

खरी गडबड उच्चारात होते. घाईत 'सलाम'मधला 'ला' गिळला की 'साम' उरतं, आणि अरबीत 'साम' म्हणजे मरण. जुन्या हदीसमध्ये हाच किस्सा आहे: कुणी मुद्दाम 'साम' म्हणालं, तर उत्तर फक्त 'व अलैकुम', म्हणजे 'तुमच्यावरही', तेवढंच. म्हणून 'साम वालेकुम' म्हणू नका. जीभ वळत नसेल तर उजवा हात कपाळाकडे नेऊन नुसतं 'सलाम' म्हणा, तेही चालतं.

शेंगाचटणी: झालं, आता दुकानदारांना अरबीची शिकवणी लावायची! आणि ते आपल्याला 'राम राम' म्हणतात काय?

साखरपेठ: खेड्यात कित्येक म्हणतात. काही म्हणत नाहीत, 'नमस्कार' किंवा 'आदाब' म्हणतात. 'राम राम'मध्ये देवाचं नाव येतं, ते काहींना श्रद्धेत बसत नाही. 'सलाम'च्या छोट्या रूपात तसं नाव नाही. म्हणून दोन्ही एका तराजूत बसत नाहीत.

शेंगाचटणी: सोयीचा तराजू आहे की ओ!

गड्डा_यात्रा: तराजू काढलाच आहे तर हरळय्याची गोष्ट घ्या. सोलापुरात 'शरणु शरणार्थी' ऐकून मोठे झालेले लोक ती विसरले काय? हरळय्या 'शरणु' म्हणाला, बसवण्णा उत्तरले 'शरणु शरणार्थी'. एक शब्द जास्त मिळाला, म्हणून चांभार हरळय्याला ते ऋण वाटलं आणि फेडायला त्यानं नवरा-बायकोच्या मांड्यांच्या कातड्याचे जोडे शिवले, अशी कथा. म्हणजे उत्तर मोजून येतं, आणि मोजताना मोठा माणूस जास्त देतो. कुराणातही (४:८६) तेच: कुणी अभिवादन केलं तर त्याहून चांगलं द्या, निदान तेवढं तरी.

लाल_पेन: आणि 'जय भीम'चं काय? त्याला उत्तर 'नमस्कार' देणारे इथंच दिसतात. कामठीच्या बाबू हरदासांनी हे अभिवादन रुजवलं, तेही 'सलाम-वालेकुम'ची जोडी पाहून, असं सांगितलं जातं. 'जय भीम'ला उत्तर 'बल भीम' असं ठरलं होतं. पुढं दोन्हीकडून 'जय भीम'च राहिलं.

विजापूर_वेस: जय भीम धर्मात कुठं येतं? विषय भरकटवू नका.

लाल_पेन: धर्मात येत नाही ना? मग तुम्ही उत्तरात 'जय भीम' का म्हणत नाही? हेच विचारतोय. इतक्या वेळा 'नमस्कार' परत आलाय की आता तो शब्द ऐकला की कळतं, पुढच्यानं आपला शब्द मुद्दाम टाळला.

शेंगाचटणी: टाळलं म्हणजे अपमान झाला? प्रत्येक शब्दाला तेच परत द्यायचं असेल तर आम्ही पोपट झालो बे!

साखरपेठ: पोपट नको. 'नमस्कार' हसून, मान झुकवून, समोरच्याकडे बघत म्हटलं तर कुणाला टोचत नाही. टोचतं ते गल्ल्यात नोटा मोजत, वर न बघता म्हटलेलं. तिथं 'वालेकुम अस्सलाम'सुद्धा टोचेल.

नवीपेठ_मोबाईल: आमच्या ग्रुपवर सणाच्या मेसेजला मी हात जोडलेली इमोजी टाकते. ती चालते का सगळ्यांना? मूळ प्रश्न काय होता, वाचला नाही.

गड्डा_यात्रा: चालते. पण ईदच्या मेसेजला 'ईद मुबारक'च लिहा, दोन शब्दच आहेत. मोहरमला मात्र 'मुबारक' लिहू नका. आशूरा हा करबलाच्या शोकाचा दिवस. इथं दरवर्षी निम्म्यांची चूक होते.

विजापूर_वेस: बरं, 'ला' गिळायचा नाही, एवढं पदरात पडलं. पण पोरांना मी नमस्कारच शिकवणार.

साखरपेठ: शिकवा. फक्त वर बघून म्हणायला सांगा.

शेंगाचटणी: आणि उद्या गिऱ्हाईक 'जय श्रीराम' म्हणालं आणि काउंटरवर मुसलमान पोरगा असला, तर? त्यावर कुणी बोललंच नाही.